३४ मार्क आणि न सापडलेले दहा हजार

या आठवड्यात नवा व्हिडिओ नाही, त्याऐवजी एक पत्र टाकतोय. हे ज्या मुलीला लिहिलंय तिला विचारूनच टाकतोय, आणि तिचं नाव काढून टाकलंय. बार्शीत माझ्या भांड्याच्या दुकानात ती दोन वर्षं रविवारी येऊन टॅलीच्या एन्ट्री करायची. सीए इंटरमिजिएटच्या पहिल्या पेपरात, ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगमध्ये, ती नापास झाली. ज्यांना सीए वगैरे व्हायचं नाहीये, नुसतं दुकान टाकायचंय, त्यांनीही मधला आकड्यांचा भाग सोडू नका. तो तुमच्याच गल्ल्याचा आहे.

---

तुझा मेसेज आला तेव्हा मी दुकानात होतो. "दादा, ३४. आता बास. पप्पांच्या दुकानात बसते." एवढंच. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्या वेळी काहीतरी गोड बोललो असतो आणि तुला ते कळलं असतं.

परवा तू उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन आलीस ते फार बरं केलंस. निकालानंतर ३० दिवसांत अर्ज केला की ती मिळते, पण बरीच मुलं मागवतच नाहीत. पेपरची फेरतपासणी होत नाही, मग प्रत मागवून काय मिळणार, असं म्हणतात. मार्क वाढवायला ती नसतेच. आपण नक्की कुठे पडलो ते बघायला असते.

आधी मार्कांचा हिशोब बघ, कारण तो तू रडताना पाहिलाच नाहीयेस. पहिल्या पेपरात ३४, कायद्याच्या पेपरात ६१, टॅक्सेशनमध्ये ५७. बेरीज १५२. ग्रुप पास व्हायला दोन अटी असतात: प्रत्येक पेपरात किमान ४० आणि तिन्ही मिळून ३०० पैकी १५०. म्हणजे दुसरी अट तू पूर्ण केली होतीस. अडकलीस ती फक्त पहिल्या अटीत, सहा मार्कांनी.

शिवाय कायद्यात ६० च्या वर गेल्यामुळे त्या पेपरची सूट मिळाली. पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तो पेपर तुला द्यायचा नाही, आणि ते ६१ मार्क तुझ्या बेरजेत धरले जातील. टॅक्सेशन मात्र पुन्हा द्यावा लागेल, ५७ ला सूट नाही. तो पुन्हा ५७ च्या आसपास सुटला आणि अकाउंटिंगमध्ये ४० पडले, तर ग्रुप निघतो. तीनऐवजी दोन पेपर, आणि आता इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर. वर्ष वाया जात नाहीये, चार महिने जातायत.

आता उत्तरपत्रिका. तू मला म्हणालीस, "मला अकाउंट्स जमतच नाही." मी ती प्रत दोनदा वाचली. तसं काही त्यात दिसत नाही. दिसतं ते वेगळंच आहे. कॅश फ्लो स्टेटमेंटचं उत्तर तू पूर्ण लिहिलंस, शेवटची रोख जुळली नाही, मग बाजूला पेन्सिलीने बेरजा, वजाबाक्या, खाडाखोड, पुन्हा बेरजा. आणि त्यानंतरचा चौदा मार्कांचा प्रश्न फक्त नंबर टाकून कोरा. तूच सांगितलंस, "दादा, दहा हजाराचा फरक येत होता, तो शोधताना वेळ गेला."

तो दहा हजार तुला कधीच सापडला नसता. का, ते सांगतो. तुझ्या पेपरातले आकडे न घेता मी सोपे आकडे रचलेत, पण सांगाडा तोच आणि चुका तुझ्याच आहेत. तुला ओळखीचं वाटावं म्हणून समज ही एक भांड्याची कंपनी आहे.

करापूर्वीचा नफा ६,००,०००. घसारा ८०,०००. जुना टेम्पो १,१०,००० ला विकला, त्याची पुस्तकी किंमत ८०,००० होती, म्हणून ३०,००० नफा, आणि तो वरच्या सहा लाखांत आधीच धरलेला आहे. कर्जावरचं व्याज ९०,०००. वर्षभरात ग्राहकांकडची उधारी ४,००,००० वरून ७,२०,००० झाली. माल ९,००,००० वरून ११,५०,०००. आपण व्यापाऱ्यांचे देणं लागतो ते ५,००,००० वरून ५,६०,०००. सुरुवातीची रोख १,६५,००० आणि बॅलन्स शीटमध्ये शेवटची रोख ४५,०००.

दोन वाक्यांत बघ काय झालंय. कंपनीने सहा लाख कमावले आणि रोख एक लाख वीस हजारांनी घटली. कॅश फ्लो स्टेटमेंट म्हणजे या दोन वाक्यांच्या मधली गोष्ट. एवढंच आहे ते.

बरोबर उत्तर असं येतं. सहा लाखांत घसारा मिळवायचा, कारण तो खर्च लिहिला पण खिशातून कुणाला दिला नाही. व्याजही मिळवायचं, कारण ते खाली कर्जाच्या भागात वेगळं दाखवायचंय. टेम्पोवरचे ३०,००० वजा करायचे. झाले ७,४०,०००. उधारी ३,२०,००० नी वाढली म्हणजे तेवढा पैसा लोकांच्या घरी आहे, वजा. माल २,५०,००० नी वाढला म्हणजे तेवढा पैसा गोदामात आहे, वजा. व्यापाऱ्यांचं देणं ६०,००० नी वाढलं म्हणजे तेवढे आपण अजून दिले नाहीत, अधिक. उरले २,३०,०००. त्यातून प्रत्यक्ष भरलेला कर १,३०,००० गेला, धंद्यातून हातात आले १,००,०००.

पुढे गुंतवणुकीचा भाग: टेम्पो विकून १,१०,००० आले, नवा टेम्पो घ्यायला ४,२०,००० गेले, वजा ३,१०,०००. मग कर्जाचा भाग: नवं कर्ज २,५०,००० आलं, हप्त्यांची मुद्दल ७०,००० गेली, व्याज ९०,००० गेलं, अधिक ९०,०००. तिन्ही भाग मिळून वजा १,२०,०००. सुरुवातीच्या १,६५,००० मधून ते गेले की उरतात ४५,०००. जुळलं.

तुझ्या उत्तरात शेवटी ५५,००० आले. फरक दहा हजार. आणि तू प्रश्नपत्रिकेत दहा हजार कुठे दिसतात ते शोधत बसलीस. या पूर्ण गणितात दहा हजार हा आकडाच नाही. कारण तुझी चूक एक नव्हती, दोन होत्या, आणि त्या एकमेकींच्या उलट्या दिशेच्या होत्या.

पहिली चूक टेम्पोची. ३०,००० नफा तू वरून वजा केला नाहीस, पण खाली पूर्ण १,१०,००० मात्र घेतलेस. त्या १,१०,००० मध्ये ते ३०,००० आहेतच. एकच पैसा दोनदा गल्ल्यात टाकला. उत्तर ३०,००० नी फुगलं.

दुसरी चूक कराची. नफा-तोटा पत्रकात कर १,५०,००० दिसतो, तू तोच भरला असं धरलंस. पण तो या वर्षी लागू झालेला कर आहे, भरलेला नाही. याला सोपी युक्ती म्हणजे त्याला आपल्या भिवंडीच्या व्यापाऱ्याचं खातं समज. मागचं देणं १,२०,०००, या वर्षी नवीन लागलं १,५०,०००, एकूण झालं २,७०,०००. वर्षअखेरीस अजून १,४०,००० द्यायचे बाकी आहेत. मग दिले किती? १,३०,०००. माझ्या दुकानात व्यापाऱ्यांची अशी खाती तू डोळे मिटून जुळवायचीस. पेपरात त्यालाच "प्रोव्हिजन फॉर टॅक्स" म्हटलं आणि तू घाबरलीस. इथे उत्तर २०,००० नी आकसलं.

तीस हजार जादा, वीस हजार कमी. दिसला फरक फक्त दहाचा.

याची दुसरी बाजू जास्त घातक आहे, आणि हे दुकानदारांनीही नीट वाचावं. समज त्या दोन्ही चुका तीस-तीस हजारांच्या असत्या, तर तुझं उत्तर बरोबर ४५,००० ला जुळलं असतं. तू खाली दोन रेघा मारल्या असत्यास, खूश होऊन पुढे गेली असतीस, आणि परीक्षकाने दोन्ही ठिकाणी मार्क कापले असते. म्हणजे जुळलं याचा अर्थ बरोबर आलं असा नाही, आणि जुळलं नाही याचा अर्थ सगळं गेलं असाही नाही. रोज रात्री गल्ला मोजून "जुळला" म्हणून शटर ओढणाऱ्या कितीतरी लोकांच्या वहीत अशा दोन चुका एकमेकींना झाकून वर्षानुवर्षं झोपलेल्या असतात.

मग फरक शोधायचा कसा? फरकाच्या आकड्यामागे धावून नाही. दोन्ही वर्षांची बॅलन्स शीट समोर ठेवायची आणि प्रत्येक ओळीतला बदल स्टेटमेंटमध्ये कुठे गेला ते बघून टिक करायची. उधारी, टिक. माल, टिक. टेम्पो, दोन ठिकाणी गेला: विक्री खाली आणि नफ्याची वजावट वर, मग दोन टिक. कराची तरतूद, टिक, पण खातं मांडलंय का? नसेल तर ती टिक करायची नाही. या पद्धतीने तुझ्या दोन्ही चुका तीन-चार मिनिटांत पकडल्या गेल्या असत्या. ही ऐकीव गोष्ट नाही, परवा तू गेल्यावर मी तुझ्याच उत्तरावर करून पाहिलं.

पण मला तुला त्याहून महत्त्वाचं सांगायचंय ते वेळेचं. या दोन चुकांचे मार्क किती गेले? अकाउंटिंगच्या पेपरात पायरीला मार्क असतात. तुझी रचना बरोबर होती, घसारा, उधारी, माल, कर्ज सगळं जागच्या जागी होतं. त्या प्रश्नात तुला चौदापैकी नऊ मिळालेत, बघ. दोन चुका आणि न जुळलेली रोख, सगळं मिळून पाच मार्क गेले. आणि ते पाच वाचवायला तू चौदाचा प्रश्न कोरा सोडलास. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पाच रुपयांची वसुली करायला बाहेर गेलीस आणि चौदा रुपयांचं गिऱ्हाईक दारातून परत गेलं.

तीन तास म्हणजे १८० मिनिटं, मार्क १००. चौदा मार्कांच्या वाट्याला साधारण २५ मिनिटं येतात. पुढच्या वेळी प्रश्न सुरू करताना समासात घड्याळाची वेळ लिही. २५ मिनिटं झाली की जुळो न जुळो, खाली अर्धं पान मोकळं सोड आणि पुढचा प्रश्न घे. शेवटी वेळ उरला तर परत येऊन टिका मार. हे लिहायला सोपं आहे, करताना हात शिवशिवतो, मला माहितीये. न जुळलेला आकडा सोडून पुढे जाणं हे हिशोब लिहिणाऱ्या माणसाच्या स्वभावातच नसतं. म्हणूनच ते घरी बसून सरावाने शिकावं लागतं. सराव करताना मुद्दाम एखादं उदाहरण न जुळलेलं सोडून उठायची सवय कर.

आणि हो, एक जाता जाता. पेपरातल्या ३० मार्कांच्या बहुपर्यायी प्रश्नांपैकी तीन तू सोडलेस, "खात्री नव्हती म्हणून." चुकीच्या उत्तराला तिथे मार्क कापत नाहीत. दोन-दोन मार्कांचे तीन. तू सहा मार्कांनी नापास झालीस. मी पुढे काही बोलत नाही.

आता तुझा दुसरा मुद्दा, पप्पांच्या दुकानात बसण्याचा. माझ्या व्हिडिओत मी कित्येकदा म्हटलंय की गिऱ्हाईक मार्कशीट विचारत नाही. ते खरंच आहे. तू मला तेच ऐकवलंस, त्यामुळे मला उत्तर द्यावंच लागेल. मला वाटतं, आमच्यासारखे ट्रेनर हे वाक्य जरा जास्तच स्वस्तात वापरतात. ज्याला परीक्षा द्यायचीच नाहीये त्याला ते धीर देतं, पण जी सहा मार्कांनी अडकलीये तिच्या हातात ते पळून जायचं तिकीट देतं.

मी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला अकाउंट्समध्ये राहिलो होतो, हे तुला माहीत नसेल. दुसऱ्यांदा दिला आणि सुटलो, पण घोकून सुटलो. कॅश फ्लोचा फॉरमॅट पाठ होता, कळला नव्हता. त्याची फी मी दुकानात भरली. सुरुवातीच्या एका दिवाळीत धनत्रयोदशीची विक्री जोरात झाली, हिशोबनीसाने नफ्याचा आकडा दाखवला, मी खूश. आणि पंधरा दिवसांनी व्यापाऱ्याला दिलेला चेक वटवायला खात्यात पैसे नव्हते. नफा गेला कुठे? दोन केटरर्सना लग्नसराईसाठी उधार दिलेल्या पातेल्यांत आणि स्वस्त मिळाली म्हणून भरून ठेवलेल्या पितळी डब्यांत. वरच्या गणितात परत बघ: उधारी आणि माल मिळून ५,७०,००० अडकलेत, म्हणजे जवळपास पूर्ण नफा. मला हे समजायला बायकोचे दागिने गहाण ठेवावे लागले. तुला ते चौदा मार्कांच्या प्रश्नात समजतंय.

पप्पांच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात तू बसशीलच कधीतरी, हवं तर उद्या बस. पण कॉन्ट्रॅक्टरला नव्वद दिवसांच्या उधारीवर वायरची बंडलं द्यायची की नाही, हे तिथे तुलाच ठरवावं लागेल, आणि तेव्हा हाच पेपर समोर येईल, फक्त प्रश्न क्रमांक लिहिलेला नसेल. सीए व्हायचंच नाही असं तुझ्या मनाने आधीपासून घेतलं असेल तर ते वेगळं, त्यावर मी वाद घालणार नाही. पण मागच्या महिन्यापर्यंत तुला व्हायचं होतं. ते फक्त या ३४ मुळे बदललं असेल, तर तो निर्णय त्या न सापडलेल्या दहा हजारांनी घेतलाय, तू नाही.

सगळी पुस्तकं पहिल्या पानापासून पुन्हा काढू नकोस. तुझ्या प्रतीत तीन प्रश्न चांगले सुटलेत, ते धडे फक्त उजळून घे. कॅश फ्लो आणि तो कोरा सोडलेला प्रश्न ज्या धड्यातला होता तो, हे दोन आधी. इन्स्टिट्यूटच्या अभ्यास साहित्यात कॅश फ्लोची सोडवलेली उदाहरणं आहेत. उत्तर झाकून, वेळ लावून, एकेक सोडव. चूक झाली की वहीच्या मागच्या पानावर फक्त चुकीचा प्रकार लिही: "विक्रीचा नफा दोनदा", "कर लागू आणि भरलेला". दहा उदाहरणांनंतर ते पान वाच. माझा अंदाज आहे, त्यावर दहा वेगवेगळ्या चुका नसतील, तीनच असतील, पुन्हा पुन्हा आलेल्या.

आणि एक उदाहरण पुस्तकाबाहेरचं करायचंय, ते आपण मिळून करू. पप्पांच्या दुकानाची मागच्या दोन वर्षांची बॅलन्स शीट घेऊन ये. कायद्याने त्यांना कॅश फ्लो बनवावा लागत नाही, एकट्या मालकाच्या दुकानाला ती सक्ती नाही, त्यामुळे तो कुणी बनवलेला नसणार. एक फरक लक्षात ठेव: तिथे डिव्हिडंड नसेल, पण घरखर्चाला काढलेली रक्कम असेल, ती कर्जाच्या भागात मालकाची उचल म्हणून टाकायची. पप्पांनी भरलेला स्वतःचा इन्कम टॅक्सही तिथेच, कारण तो दुकानाचा नाही, त्यांचा आहे. तुझ्या कॉलेजची फीही त्याच ओळीत सापडेल.

रविवारी दुपारी दोनला मी शटर अर्धं ओढतो. तेव्हा ये. पेन्सिल आण, आणि घड्याळ घालून ये.

– दादा